खांद्यावरची खूण आणि अंगावरचे कापड



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना जुन्या कागदपत्रांचा आणि जुन्या छायाचित्रांचा मोठा नाद होता, म्हणून आजच्या प्रसंगी त्याच प्रांतातला एक विषय मी निवडला आहे. पुष्कळ घरांतल्या पेटाऱ्यांत, संस्थांच्या दप्तरखान्यांत आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत अशी छायाचित्रे सापडतात की ज्यांत गणवेश घातलेली माणसे स्पष्ट दिसतात, परंतु खाली ना नाव असते, ना स्थळ, ना साल. आणि ते चित्र हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, की ही फौज कोणाची? या प्रश्नाचे उत्तर देण्याची काही रीत आहे काय, आणि असल्यास तिच्यावर कोठवर विसंबावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

दुरून ओळखू येईल असे चिन्ह अंगावर असणे हा युद्धाच्या कायद्याचाच भाग आहे. १८९९ आणि १९०७ साली हेग येथे जे नियम ठरले त्यांत, नियमित सैन्याबाहेरच्या स्वयंसेवक पथकांना सैनिकाचे हक्क मिळावेत यासाठी ज्या अटी घातल्या गेल्या त्यांपैकी एक अशी, की त्यांनी दुरून ओळखता येईल असे निश्चित चिन्ह धारण केले पाहिजे. आणि त्याच नियमांनी शत्रूचा गणवेश व लष्करी चिन्हे यांचा गैरवापर निषिद्ध ठरविला. म्हणजे खांद्यावरील बिल्ला हे एक प्रकारचे जाहीर निवेदन आहे, आणि ते राज्यसत्तेच्या हुकमाने केलेले असते. हे एकदा लक्षात घेतले की पुढील विवेचनाचे सूत्र हाती येते: ज्या खुणा सरकार स्वतःच्या हुकमाने ठरविते आणि स्वतःच्या हुकमाने बदलते, त्या साक्षीला उत्तम, ज्या वस्तू बाजारात विकत मिळतात, त्यांची साक्ष दुय्यम. शिवाय हुकमाला तारीख असते, म्हणून चांगली खूण देशाबरोबर काळही सांगते, आणि काळ ठाऊक नसेल तर पुष्कळदा देशही कळत नाही.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रिटन या चार देशांच्या अधिकाऱ्यांचे खांदे एकाच परंपरेतून निपजले आहेत. ब्रिटिश पद्धतीची योजना फार सुबोध आहे. सेकंड लेफ्टनंटला एक तारा, लेफ्टनंटला दोन, कॅप्टनला तीन. मेजरला तारे काढून घेऊन त्यांच्या जागी एक राजमुकुट. लेफ्टनंट कर्नलला मुकुट आणि एक तारा, कर्नलला मुकुट आणि दोन, ब्रिगेडियरला मुकुट आणि तीन. आणि त्याहून वरच्या सेनापतींना आडवी तलवार व दंड यांचे चिन्ह, त्याच्या जोडीला हुद्द्याप्रमाणे तारा, मुकुट किंवा दोन्ही. तारा म्हणजे साधी आकाशातली चांदणी नव्हे. ब्रिटनच्या बहुतेक पलटणींत तो 'बाथ' या सन्मानपदाच्या मानचिन्हाच्या घाटाचा, चौकोनी बांध्याचा आणि मध्ये वर्तुळ असलेला असतो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी राज्ये दोन झाली, परंतु दोन्ही राज्ये काही काळ ब्रिटिश मुकुटाखालची वसाहती राज्येच होती, आणि म्हणून दोन्ही सैन्यांच्या खांद्यांवर तोच मुकुट आणि तोच तारा कायम राहिला. या एका गोष्टीचा परिणाम अभ्यासकाला नेहमी जाचतो. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील एखाद्या मेजरचे छायाचित्र हाती आले, तर त्याच्या खांद्यावरचा मुकुट पाहून तो कोणत्या बाजूचा हे सांगता येत नाही. कारण समोरच्या बाजूच्या मेजरच्या खांद्यावरही तोच मुकुट होता, अंगावर तीच खाकी होती, आणि दोन्ही सैन्यांचे सरसेनापती त्या काळी ब्रिटिशच होते. जनरल करिअप्पा हे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले ते १५ जानेवारी १९४९ रोजी.

फरक पडला तो प्रजासत्ताकाच्या दिवसापासून. २६ जानेवारी १९५० नंतर आपल्या सैन्यातला मुकुट गेला आणि त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आले. तारा बदलला आणि पाच टोकांचा झाला. पाकिस्तान २३ मार्च १९५६ रोजी प्रजासत्ताक झाले, आणि तिकडे मुकुटाच्या जागी चंद्रकोर व तारा आला. मात्र हुद्द्याचा तारा जुन्या बाथच्या घाटाजवळच राहिला. बांगलादेशाने १९७१ नंतर मुकुटाच्या जागी आपले राष्ट्रीय फूल, म्हणजे शापला किंवा आपण ज्याला कुमुद म्हणतो ते, बसविले. तेव्हा योजना एकच, पायऱ्याही त्याच, आणि बदलले ते केवळ मुकुटाच्या आसनावरचे चिन्ह. म्हणून वाचनाची पहिली रीत अशी, की मेजर किंवा त्यावरच्या हुद्द्याचा माणूस चित्रात शोधावा. कॅप्टनपर्यंतच्या खांद्यावर नुसते तारे असतात आणि लहान छायाचित्रात ताऱ्याची टोके मोजणे दुरापास्त असते. मेजरच्या खांद्यावर मात्र एकटे राजचिन्ह असते, आणि त्याची बाह्यरेषा अंधुक ठशातही ओळखता येते. सिंहांचे चिन्ह खाली रुंद बैठक असलेले आणि वर तीन डोकी असलेले उभे दिसते, चंद्रकोरीचा आकार आडवा आणि पोकळ, कुमुदाचा पसरट.

ब्रिटनच्या मुकुटातही काळ वाचता येतो. १९०१ पासून सहाव्या जॉर्जच्या अखेरीपर्यंत जो मुकुट वापरात होता त्याच्या कमानी वर फुगीर चढलेल्या असतात. एलिझाबेथ राणीच्या काळात जो आला त्याच्या कमानी मधोमध किंचित खचलेल्या असतात. आणि तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यात पुन्हा फुगीर कमानींचा मुकुट आला. एवढ्याशा रेषेवरून छायाचित्राचा कालखंड ठरविता येतो, आणि ज्या चित्रात मुकुट दिसतो ते चित्र हिंदुस्थानच्या सैन्याचे असेल तर ते १९५० च्या पूर्वीचे, हे तर त्याच क्षणी निश्चित होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण तिच्या अभावी भल्याभल्यांचे निष्कर्ष फसतात. आपल्या सैन्यात कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांखेरीज नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर असे तीन हुद्दे आहेत, आणि त्यांची चिन्हे अनुक्रमे एक तारा, दोन तारे आणि सिंह अशीच आहेत. सुभेदार मेजर आणि मेजर यांच्यात भेद करते ती खांद्यावर आडवी घेतलेली एक रंगीत फीत. रंगीत चित्रात ती चटकन दिसते. कृष्णधवल चित्रात ती कापडाच्याच छटेत मिसळून जाते, आणि मग तीस वर्षे शिपाईगिरी करून सन्मानाने चढलेला वृद्ध सुभेदार मेजर बघणाऱ्याला मेजर वाटतो. वय हा येथे चांगला साक्षीदार आहे, आणि शेजारी उभे असलेले लोक त्याच्याकडे कसे पाहतात हाही. पोलीस खात्याचा गोंधळ याहूनही सामान्य आहे. पोलीस निरीक्षकालाही तीन तारे असतात, परंतु त्यांच्या खाली लाल-निळी फीत असते. पोलीस अधीक्षकालाही सिंह आणि तारा असतो. आणि आपल्या महाराष्ट्रात त्याच्या खांद्यावर 'भापोसे' किंवा 'मपोसे' ही अक्षरे असतात. ज्याने ही अक्षरे पाहिली नाहीत त्याने लेफ्टनंट कर्नल म्हणून नोंद केली तर नवल नाही, आणि तशा नोंदी दप्तरांत पुष्कळ आढळतात.

आता एक छायाचित्र पायरीपायरीने वाचून पाहू. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर शरणपत्रावर सह्या झाल्या त्या प्रसंगाचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. एका मेजाशी दोन लेफ्टनंट जनरल शेजारीशेजारी बसले आहेत, एक सही करीत आहे आणि दुसरा पाहत आहे. समजा, या चित्राखाली काही लिहिलेले नाही आणि पाहणाऱ्याला त्यातील एकही चेहरा ठाऊक नाही. तर काय सांगता येईल? एकाच्या डोक्यावर फेटा आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर बेरेट टोपी. फेटा हा राष्ट्राचा पुरावा नव्हे. तो धर्माचा आणि परंपरेचा पुरावा आहे, आणि शीख सैनिक मलायात, ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही आढळतो. तथापि १९४७ नंतरच्या पाकिस्तानी सैन्यात उच्च पदावर शीख अधिकारी असणे संभवत नाही, म्हणून येथे त्याला वजन येते. बेरेटवरून काहीच ठरत नाही, ती साऱ्या जगाची आहे. कॉलरवरील लाल पट्ट्या सेनापतीपणा सांगतात, राष्ट्र सांगत नाहीत, कारण त्याही दोन्हींकडे एकाच वारशातून आल्या आहेत. शेवटी उरतो तो खांदा. दोघांचाही हुद्दा एक, त्यामुळे दोन्ही खांद्यांवरची मांडणी एक: खाली आडव्या आयुधांचे चिन्ह आणि वर राजचिन्ह. तेवढ्या वरच्या जागेत एका खांद्यावर सिंह आणि दुसऱ्यावर चंद्रकोर. निर्णय करणारी जागा करंगळीच्या नखाएवढी आहे.

त्या चित्रातले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा आणि लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी हे दोघेही ब्रिटिशकालीन हिंदी सैन्यातूनच पुढे आलेले. आणि नियाझी हे मूळचे राजपूत पलटणीचे, जी पलटण फाळणीत हिंदुस्थानच्या वाट्याला आली. म्हणजे गणवेशाची घडण दोघांच्याही अंगवळणी एकाच शाळेत पडलेली होती, आणि म्हणूनच त्यांच्यातला बाह्य भेद इतका सूक्ष्म होता. सही झाल्यावर नियाझी यांनी आपल्या खांद्यावरची पदचिन्हे उतरवून दिली आणि पिस्तुलही स्वाधीन केले. या कृत्याचा लष्करी अर्थ सर्वांना कळतो. पण ज्याला छायाचित्रे लावावयाची आहेत त्याला त्यातून आणखी एक गोष्ट कळते, की त्या दिवशी त्या क्षणानंतर घेतलेल्या चित्रात तो खांदा रिकामा असेल, आणि रिकामा खांदा पाहून चित्र कोणत्या वेळेचे हे सांगता येईल.

रंगाचा पुरावाही येथे जमेस धरला पाहिजे. हिंदुस्थानच्या सैन्याने स्वातंत्र्यानंतर खाकी सोडून ऑलिव्ह हिरवा रंग घेतला, पाकिस्तानने खाकी ठेवली, आणि रंगीत चित्रांत हा भेद फार उपयोगी पडतो. पण कृष्णधवल चित्रात दोन्ही रंग एकाच राखी छटेचे होतात. जुन्या चित्रावर नंतर कोणी हाताने रंग चढविला असेल तर तो रंग चढविणाऱ्याची समजूत दाखवितो, सैन्याचा गणवेश नव्हे; अशा रंगाला पुरावा मानणे म्हणजे नक्कलकाराच्या हस्ताक्षरावरून मूळ लेखकाचा स्वभाव ठरविण्यासारखे आहे.

हुद्द्याच्या चिन्हांनंतर दंडावरील बिल्ल्यांकडे वळू. पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिश सैन्यात डिव्हिजनची खूण म्हणून कापडी चित्रे दंडावर शिवण्याची चाल पडली, आणि दुसऱ्या महायुद्धात ती सर्वत्र झाली. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचव्या हिंदी डिव्हिजनचे काळ्या पार्श्वभूमीवरील लाल वर्तुळ ही आपल्याकडची प्रसिद्ध उदाहरणे. या खुणा सुंदर आहेत, चटकन ओळखू येतात, आणि म्हणूनच त्या फसव्या आहेत. डिव्हिजनची खूण सैनिक कोणत्या मोठ्या फौजेत आहे हे सांगते, तो कोणत्या देशाचा हे सांगत नाही. कारण हिंदी डिव्हिजनच्या ब्रिगेडमध्ये सामान्यतः तीन पायदळ पलटणी असत आणि त्यांपैकी एक ब्रिटिश असे. लाल गरुड दंडावर असलेला शिपाई पंजाबचा असू शकेल, गढवालचा असू शकेल आणि इंग्लंडच्या एखाद्या परगण्याचाही असू शकेल.

आपल्या मराठा पलटणींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. इटलीच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी निरनिराळ्या डिव्हिजनांत होत्या. तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात गाजविलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांना तो ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठच्या पराक्रमाबद्दल मिळाला. दोघे एकाच रेजिमेंटचे, परंतु पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये, म्हणून त्यांच्या साथीदारांच्या दंडांवरच्या खुणा वेगवेगळ्या. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या घरी आजोबांचे इटलीतले चित्र निघाले आणि त्यात दंडावरचे चित्र स्पष्ट असेल, तर त्यावरून डिव्हिजन कळेल, डिव्हिजनवरून बटालियन तपासता येईल; परंतु त्या एकाच खुणेवरून 'हा मराठा' असे म्हणता यावयाचे नाही. रेजिमेंटचा पुरावा खांद्याच्या कडेला असलेल्या नावाच्या पट्टीत आणि टोपीच्या बिल्ल्यात आहे.

आणि नावाची पट्टीही स्वतंत्रपणे पुरी पडत नाही. फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या तेव्हा पंजाब हे नाव दोन्ही बाजूंना गेले. आपल्याकडेही पंजाब रेजिमेंट आहे आणि पाकिस्तानातही आहे, तेव्हा खांद्यावर ते नाव वाचून निश्चिंत होणारा अर्ध्या वाटेतच थांबतो. आपल्या पंजाब रेजिमेंटच्या बिल्ल्यावर वल्ही आणि शिडे असलेली नौका आहे, म्हणून तेथे नजर टोपीकडे वळवावी. गुरख्यांच्या पलटणींचे तसेच. जुन्या दहा रेजिमेंटांपैकी दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेल्या आणि उरलेल्या सहा आपल्याकडे राहिल्या. त्यामुळे एकाच खेड्यातील दोन चुलत भाऊ, एकाच घाटाची टोपी आणि तीच खुकरी घेऊन, दोन निराळ्या राष्ट्रांच्या सैन्यात असू शकतात. अशा वेळी बिल्ल्यावरील आकडा पाहावा. आणि आकडा दिसत नसेल तर बरोबरच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर मुकुट आहे की सिंह, हे पाहावे.

चित्र उलटे छापले गेले आहे काय, हे या सर्वांच्या आधी तपासावे लागते. काच किंवा फिल्म उलटी धरून छापली की डावे उजवे होते, आणि मग दंडावरील खूण भलत्या हातावर जाते. पदकांच्या फिती छातीच्या डाव्या बाजूला असतात आणि पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. या दोन्ही गोष्टी उलट दिसल्या तर चित्र उलटे आहे असे समजावे. अमेरिकेच्या सैनिकांच्या उजव्या दंडावरील निशाणाने मात्र पुष्कळांना चकविले आहे. त्यातील ताऱ्यांचा चौकोन पुढे, म्हणजे चालण्याच्या दिशेला, असावा असा तिकडचा नियम असल्याने त्या दंडावरचे निशाण आपल्याला उलटे वाटते. तो छपाईचा दोष नव्हे, तो हुकूमच आहे.

आता कापडाकडे वळतो. चितकबऱ्या युद्धवेषाने राष्ट्र ओळखता येते असा सर्वसाधारण समज आहे, आणि सर्वांत अधिक चुका याच समजामुळे होतात. १९४४ च्या जुलैमध्ये नॉर्मंडीत अमेरिकेच्या दुसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनमधील काही पायदळाला ठिपक्यांचे हिरवे-तपकिरी कपडे देण्यात आले. कपडे चांगले होते, प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकन मरीन तेच वापरीत. परंतु युरोपच्या रणांगणावर तोपर्यंत ठिपक्यांचे कापड म्हणजे जर्मन वाफेन-एस्‌एस्‌चे शिपाई, अशी सर्वांच्या डोळ्यांची सवय झालेली होती. परिणाम असा झाला की अमेरिकन सैनिकांनाच शत्रू समजण्यात येऊ लागले, आणि ते कपडे लवकरच काढून घ्यावे लागले. नक्षीत काही दोष नव्हता. बघणाऱ्याने एका नक्षीला एक राष्ट्र चिकटविले होते, हा दोष होता.

पुढच्या काळात हा दोष वाढला आहे. ब्रिटनची चार रंगांची, कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखी नक्षी आणि अमेरिकेने १९८१ साली घेतलेली हिरव्या-तपकिरी-काळ्या डागांची जंगली नक्षी, या दोन्हींच्या नकला इतक्या देशांनी केल्या की आज त्यांपैकी कोणतेही कापड पाहून देशाचे नाव घेणे हे धाडसाचे आहे. जर्मनीच्या ठिपक्यांची नक्षी डेन्मार्कने तीन रंगांत उतरविली. कापड विकत मिळते, निर्यात होते, जुने झाले की गठ्ठ्यांनी विकले जाते, आणि ते बंडखोरही घेतात, शिकारीही घेतात, मोटारसायकलवरून हिंडणारे तरुणही घेतात. म्हणून कापडाचे परीक्षण करावयाचेच तर नक्षीचे नाव सोडून तिचे अंग पाहावे: डाग उभे धावतात की आडवे, किती रंग आहेत, गडद रंग सर्वांत वर छापला आहे की खाली, आणि एकच आकृती पुन्हा किती अंतरावर येते. हे शेवटचे अंतर फार विश्वसनीय आहे; नक्कल करणारा रंग जुळवितो, पण छपाईच्या रुळाचा घेर बहुधा त्याचा स्वतःचा असतो.

आपल्या सैन्याने १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी जो नवा युद्धवेष प्रथम दाखविला, त्याची नक्षी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली आहे आणि तिच्यात बारीक चौकोनांचे डाग आहेत. त्याच वर्षी सैन्याने त्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी करून घेतली. त्याआधीच्या नक्षीत, जी पाल्यापानांच्या फटकाऱ्यांची होती, कापडातच सैन्याची खूण जलचिन्हासारखी छापली जात होती. हे दोन्ही उपाय मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण बाजारात गेलेली साक्ष पुन्हा सरकारी दप्तरात आणण्याचे हे प्रयत्न आहेत. त्यांची निकड खरी होती. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाईतळावर हल्ला करणारे सैन्याच्या वेषात आले होते, आणि त्यानंतर सैन्याने सामान्य जनतेला लष्करी नक्षीचे कपडे वापरू नका असे आवाहन केले. सैनिक नसताना तसा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेष घालणे हा आपल्या जुन्या दंडसंहितेच्या १४० व्या कलमाखाली गुन्हा होता.

मग ज्या सैनिकाच्या अंगावर एकही बिल्ला नाही त्याची ओळख कशी पटवावी? हा प्रश्न १९०७ साली नियम करणाऱ्यांनी कदाचित कल्पिला नसेल, परंतु क्रिमियाने तो विचारला. २७ फेब्रुवारी २०१४ रोजी सिम्फेरोपोल येथील विधानभवन सशस्त्र माणसांनी ताब्यात घेतले, आणि पुढच्या काही दिवसांत विमानतळांवर, तळांच्या फाटकांशी आणि रस्त्यांच्या नाक्यांवर चेहरे झाकलेले, हिरव्या वेषातले सैनिक उभे राहिले. खांदे कोरे, दंड कोरे, टोप्यांवर काही नाही. ४ मार्च रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी असे सांगितले की ही स्थानिक स्वसंरक्षण पथके आहेत, आणि असे गणवेश तर दुकानांतही मिळतात.

या विधानातील दुसरा भाग खरा होता, आणि म्हणूनच येथे कापडाच्या एकट्या साक्षीवर निकाल देता येत नव्हता. त्यांच्या अंगावरची बारीक चौकोनांची हिरवी नक्षी ही रशियन सैन्याने नव्याने घेतलेली होती, तर युक्रेनी सैन्यात तेव्हा सोव्हिएत काळातून उतरलेली मोठ्या डागांची नक्षी सर्वत्र होती. पण एक सदरा विकत घेता येतो, हे मान्य केलेच पाहिजे. अभ्यासकांनी सदरा बाजूला ठेवला आणि त्याच्या भोवतीची सामग्री मोजली. शेकडो माणसांच्या डोक्यावर एकाच नव्या नमुन्याची शिरस्त्राणे, सर्वांना सारखी चिलखते, सारखे गुडघ्यांचे संरक्षक, 'पेचेनेग' जातीच्या मशीनगन, आणि उभ्या असलेल्या गाड्यांत 'टिग्र' नावाच्या, ज्या युक्रेनच्या सैन्यात नव्हत्या. त्यांपैकी काहींवर रशियन लष्करी क्रमांकपाट्यासुद्धा तशाच होत्या. सदरा दुकानात मिळतो. शेकडो माणसांना एकाच दिवशी एकाच मापाची संपूर्ण सामग्री देणारे कोठार दुकानात मिळत नाही. खांद्यावरची खूण काढणाऱ्याला कोठार काढता आले नाही. १७ एप्रिल रोजी पुतिन यांनीच दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांत कबूल केले, की स्वसंरक्षण पथकांच्या पाठीशी रशियन सैनिक उभे होते.

त्या प्रसंगानंतर युक्रेननेही आपली बारीक चौकोनांची नक्षी काढली, आणि दोन्ही नक्षी दुरून एकमेकींसारख्याच दिसतात. २०२२ च्या फेब्रुवारीत मोठे युद्ध पेटले तेव्हा याचा परिणाम सैनिकांनाच भोगावा लागला: पन्नास पावलांवरचा माणूस आपला की परका हे कापडावरून कळेना, आणि दोन्ही बाजूंनी दंडांना, पायांना आणि शिरस्त्राणांना रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळण्यास सुरुवात केली, युक्रेनी बाजूने पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या, रशियन बाजूने पांढऱ्या आणि तांबड्या. या युद्धाची चित्रे पुढे ज्यांच्या हाती येतील त्यांनी प्रथम पट्टीचा रंग नोंदवावा आणि तिच्याशेजारी चित्राची तारीख लिहावी, कारण पट्टी क्षणात फाडता येते, दुसऱ्या रंगाची तितक्याच क्षणात लावता येते, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या आघाडीवर कोणता रंग चालू होता याचा हुकूम बिल्ल्याच्या हुकमासारखा छापील राजपत्रात सापडत नाही.